वजाचं चिन्ह कुठे गेलं? : वर्गाच्या रेकॉर्डिंगबद्दल शिक्षकांना लिहिलेलं एक पत्र

आजच्या भागात मी तुम्हाला एक पत्र वाचून दाखवणार आहे. पत्र मीच लिहिलंय, आमच्या शाळेतल्या शिक्षकांना. मी बीड जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत समन्वयक आहे. वेळापत्रक, परीक्षा, आणि वर्गात होणारी रेकॉर्डिंग्ज ही माझी कामं. पत्राचा विषय ऐकला तर तुम्ही लगेच पुढचा भाग लावाल: 'वर्गाचे व्हिडिओ लहान करण्याचे व अपलोड करण्याचे नवे नियम.' पण थोडं थांबा. कारण हे नियम का बदलावे लागले, त्यात चूक माझी आहे, आणि ती चूक तुमच्यापैकी बरेचजण रोज करतात.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगते. आमच्याकडे दसरा-दिवाळीच्या सुमारास घरंच्या घरं ऊसतोडीला निघतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, जिथे कारखाना असेल तिथे. काही मुलं गावात आजी-आजोबांजवळ राहतात, पण काहींना आईवडिलांबरोबर जावंच लागतं. दहावीतली मुलंसुद्धा. त्यांच्यासाठी आम्ही तास रेकॉर्ड करतो. वर्गाच्या मध्यभागी स्टँडवर फोन लावायचा, फळा चित्रात घ्यायचा, तास संपला की फाइल द्यायची. पोरं ती फाइल फडावरून परत आल्यावर कोपीत बसून बघतात.

आता अडचण बघा. एक तास ३८ मिनिटांचा. फोनवर साध्या 1080p मध्ये रेकॉर्ड केला, तर बऱ्याच फोनमध्ये सेकंदाला साधारण १७ मेगाबिट लिहिले जातात. म्हणजे मिनिटाला सव्वाशे एमबीच्या वर. ३८ मिनिटांची फाइल झाली ४.८ जीबी. आणि पोराकडे दिवसाला दीड जीबीचा पॅक! एक तास उतरवायला त्याला चार दिवस लागणार.

म्हणून गेल्या वर्षी मी फर्मान काढलं: 'प्रत्येक फाइल ६० एमबीच्या आत हवी.' झालं. सगळ्यांनी फोनवर कुठलं ना कुठलं ॲप घेतलं, त्यात ६० आकडा टाकला, बटण दाबलं. फाइली लहान झाल्या. मी खूश.

मग एका रात्री एका मुलाचा फोन आला. दहावीचा, आईवडिलांबरोबर फडावर गेलेला. म्हणाला, "मॅडम, मला गणित जमत नाही. मी तीन दिवस एकच उदाहरण करतोय." प्रकरण होतं वर्गसमीकरणं. मी म्हटलं, "वहीचा फोटो पाठव." त्याने पाठवला. वहीत लिहिलं होतं x² + 5x + 6 = 0, आणि त्याची उत्तरं त्याने काढली होती −2 आणि −3. अगदी बरोबर सोडवलेलं. पण सरांच्या फळ्यावर शेवटी उत्तर होतं 2 आणि 3. कारण सरांनी दिलेलं समीकरण होतं x² − 5x + 6 = 0.

मी ती फाइल उघडली. फळ्यावर x² आणि 5x यांच्यामध्ये नुसता करडा पट्टा होता. वजाचं चिन्ह गायब. सर त्या वेळी फळ्याकडे तोंड करून न बोलता लिहीत होते, त्यामुळे कानावरही काही पडत नव्हतं. पोराने रिकाम्या जागी अंदाजाने अधिक टाकलं. आणि तीन दिवस स्वतःला ढ समजत बसला.

ते चिन्ह सरांनी पुसलं नव्हतं. माझ्या साठच्या आकड्याने पुसलं होतं. म्हणून हे नवं पत्र. मी वाचते, आणि मधेमधे थांबून सांगते.

*'आदरणीय सहकारी शिक्षकांस, सप्रेम नमस्कार. वर्गाच्या रेकॉर्डिंगसाठी ६० एमबीची जी मर्यादा माझ्याकडून कळवण्यात आली होती, ती या पत्राद्वारे रद्द करीत आहे. ती मर्यादा चुकीची होती. यापुढे फाइलचा आकार ठरवून चित्र बिघडवायचे नाही. चित्राचा दर्जा ठरवायचा, आणि आकार जो येईल तो स्वीकारायचा.'*

हे नीट समजून घ्या, बाकी सगळं यातूनच येतं. ॲपला तुम्ही 'मला ६० एमबी दे' असं सांगता, तेव्हा ते ६० एमबी पूर्ण तासावर वाटून टाकतं. तास २० मिनिटांचा असेल तर मिनिटाला ३ एमबी मिळतात. ३८ मिनिटांचा असेल तर जेमतेम दीड. मग ते चित्र लहान करतं, बारीक रेघा सपाट करतं, आणि काहीही करून आकड्यात बसवतं. फळ्यावर काय लिहिलंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

आणि बारीक रेघाच आधी का जातात? साधा हिशोब आहे. आमचा फळा चार फूट उंच, म्हणजे साधारण १२२० मिलिमीटर. चित्रात वरपासून खालपर्यंत फळाच भरलाय असं धरा. 720p म्हणजे उभ्या दिशेला ७२० ठिपके. खडूची रेघ साधारण ५ मिलिमीटर जाड. म्हणजे वजाच्या चिन्हाला उंचीत मिळाले तीन ठिपके. चिन्ह दिसतं. तेच चित्र 360p केलं की राहतो दीड ठिपका. त्यावर कॉम्प्रेशनने आजूबाजूचे ठिपके एकमेकांत मिसळले की खलास. 5 दिसतो, x दिसतो, कारण ते मोठे आहेत. जातात त्या वजाची खूण, दशांश चिन्ह, घातांक आणि देवनागरीतले अनुस्वार. म्हणजे नेमकं जिथे अर्थ बदलतो तेच.

पुढे वाचते.

*'सर्व फाइली शाळेच्या संगणक कक्षातील संगणकावर HandBrake या मोफत प्रोग्रॅमने लहान कराव्यात. मांडणी अशी: उंची 720p. Video Encoder मध्ये H.264 (x264). Framerate 15 आणि Constant Framerate. Constant Quality मध्ये RF 23. आवाज Mono, Bitrate 64. Summary मध्ये Web Optimized ची खूण केलेली असावी.'*

आता एकेक बघू. RF म्हणजे दर्जाचा आकडा. तो लहान केला की चित्र चांगलं आणि फाइल मोठी. मोठा केला की उलटं. २३ ला प्रोग्रॅम म्हणतो, 'दर्जा एवढा राखतो, जागा लागेल तेवढी घेतो.' सर उभे राहून बोलतायत, फळा स्थिर आहे, तर जागा जवळजवळ लागतच नाही. कारण व्हिडिओत प्रत्येक चित्र पूर्ण साठवलेलं नसतं. अधूनमधून एक पूर्ण चित्र असतं, आणि बाकीच्यांमध्ये फक्त आधीच्या चित्रापेक्षा काय बदललं ते लिहिलेलं असतं. फळ्यावरचं समीकरण पाच मिनिटं तसंच असेल तर त्याचा खर्च जवळपास एकदाच होतो.

मग फोनची मूळ फाइल एवढी मोठी का, असं तुम्ही विचाराल. कारण फोनला रेकॉर्ड करता करता, त्या क्षणीच दाबून बसवावं लागतं. निवांत शोधायला वेळ नसतो. म्हणून तो हात सैल सोडतो आणि भरपूर जागा घेतो. कॉम्प्युटरला घाई नाही. आमच्या जुन्या कॉम्प्युटरला एका तासाच्या फाइलला अर्ध्या तासाच्या आसपास लागतं. पाच फाइली Add to Queue करून ठेवायच्या, आणि आपण पेपर तपासायला बसायचं.

Framerate 15 म्हणजे सेकंदाला पंधरा चित्रं. क्रिकेटच्या मॅचला हे चालणार नाही, चेंडू उड्या मारत जाईल. फळ्यावर लिहिणाऱ्या हाताला पुरतं. Constant कशासाठी? फोन प्रकाशानुसार हा वेग कमीजास्त करत राहतो. तो स्थिर केला नाही, तर काही वेळा आवाज हळूहळू चित्रापासून सुटत जातो. सुरुवातीला कळतही नाही. तिसाव्या मिनिटाला सर म्हणतात 'हे बघा' आणि हात भलतीकडेच असतो.

H.264 का? नवा HEVC प्रकार त्याच दर्जात फाइल आणखी लहान करतो, हे खरं. पण आमच्या पोरांकडे घरात फिरत फिरत आलेले जुने फोन आहेत. त्यातल्या काहींवर HEVC लावलं की आवाज येतो आणि पडदा काळा. म्हणून जे सगळीकडे चालतं ते.

आणि ते Web Optimized? फाइलमध्ये कोणता भाग कुठे आहे याची एक यादी असते. ती बऱ्याचदा फाइलच्या शेवटी लिहिली जाते. मग काही प्लेअर ती यादी मिळेपर्यंत व्हिडिओ सुरूच करत नाहीत, आणि गोल फिरत राहतो. ही खूण केली की यादी सुरुवातीला येते. आकारात काही फरक नाही, पण सुरू पटकन होतं.

आमचे संगणकाचे सर म्हणाले, "मॅडम, मला एवढ्या खिडक्या नकोत, एक ओळ द्या." त्यांच्यासाठी पत्रात तेच सगळं एका कमांडमध्ये दिलंय:

```
ffmpeg -i mul.mp4 -vf scale=-2:720 -r 15 -c:v libx264 -crf 23 -c:a aac -ac 1 -b:a 64k -movflags +faststart lahan.mp4
```

`mul.mp4` म्हणजे मूळ फाइल, `lahan.mp4` म्हणजे तयार होणारी. `crf` म्हणजे तोच दर्जाचा आकडा.

आता त्याच वर्गसमीकरणाच्या तासाचं काय झालं ते सांगते. ४.८ जीबीची मूळ फाइल नशिबाने सरांच्या फोनमध्ये होती. ती या मांडणीतून काढली. आली १७१ एमबी. त्यातले १८ एमबी आवाजाचे, बाकी चित्राचे. आणि वजाचं चिन्ह होतं जागेवर! दिवसाला असे पाच तास उतरवले तरी साडेआठशे एमबी होतात. दीड जीबीत बसतात. म्हणजे माझ्या साठच्या हट्टाची गरजच नव्हती.

पत्रातला पुढचा भाग.

*'३८ ते ४० मिनिटांच्या तासाची फाइल २५० एमबीच्या वर गेल्यास RF वाढवू नये. रेकॉर्डिंग कसे झाले ते पाहावे आणि समन्वयकास कळवावे.'*

हे का, ते एका उदाहरणाने सांगते. पहिल्याच आठवड्यात दोन तास आले, दोन्ही ३८ मिनिटांचे, मांडणी तीच. एक दीडशे एमबी, दुसरा चारशेच्या पुढे. मला वाटलं कुणीतरी काहीतरी बदललं. बदललं काहीच नव्हतं. दुसऱ्या तासाला स्टँड मिळाला नाही म्हणून एका विद्यार्थ्याने फोन हातात धरला होता. हात हलला की फळाही हलतो. मग 'बदललं तेवढंच लिहा' हा हिशोब कोसळतो, कारण प्रत्येक चित्रात सगळंच बदललेलं. ढगाळ दिवशी दिवे न लावता रेकॉर्ड केलं तरी तेच होतं. अंधारात फोनच्या चित्रात बारीक दाणे येतात, ते दर क्षणी नाचतात, आणि प्रोग्रॅम बिचारा ते दाणे इमानदारीने साठवत बसतो. म्हणून फाइल फुगली, तर इलाज वर्गात आहे: फोन स्टँडवर ठेवा, दिवे लावा, आणि पंख्याची सावली फळ्यावर पडत नाही ना ते बघा.

आणि एकदा लहान केलेली फाइल पुन्हा लहान करायची नाही. पहिल्या वेळी जे पुसलं गेलं ते परत येत नाही, आणि दुसऱ्या वेळी उरलेल्यातलं आणखी पुसलं जातं. काही लहान करायचं असेल तर मूळ फाइलवरूनच. चॅटच्या ग्रुपवर 'व्हिडिओ' म्हणून टाकलीत तरी बहुतेक वेळा ती वाटेत आपोआप पुन्हा दाबली जाते. पाठवायचीच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे जशीच्या तशी जाते.

आता माझा आवडता नियम.

*'अपलोड करण्यापूर्वी प्रत्येक फाइल शाळेतील सर्वांत लहान पडद्याच्या फोनवर लावून पाहावी. ज्यांनी तो तास घेतलेला नाही, अशा व्यक्तीने फळा मोठ्याने वाचावा. तीन ठिकाणी: सुरुवातीला, फळा सर्वांत जास्त भरलेला असताना, आणि शेवटच्या मिनिटात.'*

'ज्यांनी तास घेतलेला नाही' हे मुद्दाम आहे. सरांनी स्वतः बघितलं तर त्यांना पुसट वजाही दिसतो, कारण तो तिथे आहे हे त्यांना माहीत असतं. मराठीच्या मॅडमनी गणिताचा फळा वाचावा. त्या अडखळल्या तर पोरगंही अडखळणार. शेवटचं मिनिट बघायचं कारण मघाशी सांगितलं: आवाज सुटला असेल तर तिथेच कळतो. आणि फाइल मधेच तुटली असेल तर तेही तिथेच कळतं. मूळ ३८ मिनिटं आणि लहान केलेली ३१, असं एकदा झालंय.

अपलोडचे नियम थोडकेच आहेत.

*'फाइलचे नाव इंग्रजी अक्षरांत, तारीख आधी: 2025-07-14_10A_Ganit1_02.mp4. अपलोड शाळेच्याच खात्यावरून करावे. अपलोड पूर्ण झाल्यावर, शाळेचे खाते नसलेल्या फोनवर मोबाइल डेटा वापरून लिंक उघडून पाहावी. त्यानंतरच मूळ फाइल शाळेच्या हार्ड डिस्कवर हलवावी. सत्र संपेपर्यंत मूळ फाइल कोणीही काढून टाकू नये.'*

तारखेत वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. असं लिहिलं की फाइली आपोआप क्रमाने लागतात. शेवटचा ०२ हा प्रकरणाचा क्रमांक. नाहीतर फोनच्या मेमरीत 'VID' ने सुरू होणाऱ्या चाळीस फाइली, आणि वर्गसमीकरणं कुठली ते उघडून बघत बसा.

दुसऱ्या फोनवर लिंक बघायची, कारण आपल्या खात्यावर सगळंच उघडतं. मुलाला मात्र 'परवानगी मागा' असं येतं, आणि ते पोरगं संकोचाने मागत नाही. गप्प बसतं. आणखी एक: अपलोड झाल्या झाल्या लिंकवर व्हिडिओ थोडा वेळ चालत नाही, कारण तिकडे त्यावर प्रक्रिया सुरू असते. घाबरून पुन्हा अपलोड करू नका, थांबा. मुलांना आम्ही सांगितलंय की लिंकवरच बघू नका, फाइल उतरवून घ्या. तिथेच बघितलं तर नेटच्या वेगाप्रमाणे चित्र पुन्हा खाली येतं, आणि आपण जपलेलं वजाचं चिन्ह परत जातं. शिवाय एकदा उतरवली की दहा वेळा बघा, डेटा लागत नाही.

पत्राचा शेवट असा आहे:

*'आणखी एक विनंती. फळ्यावर लिहीत असताना तेच मोठ्याने म्हणावे. "एक्सचा वर्ग, वजा पाच एक्स, अधिक सहा, बरोबर शून्य." चित्र बिघडले तरी आवाज वाचवील. आपली, समन्वयक.'*

हा नियम कॉम्प्रेशनचा नाही, पण सगळ्यात स्वस्त तोच. त्याला एक एमबीही लागत नाही. गणिताच्या सरांनी दुसऱ्या दिवसापासून सुरू केलं. वर्गातल्या मागच्या बाकावरच्या पोरांनाही आवडलं, त्यांनाही आधी दिसत नव्हतंच म्हणे!

त्या मुलाला मी १७१ एमबीची फाइल त्याच रात्री पाठवली, डॉक्युमेंट म्हणून. दुसऱ्या दिवशी त्याने वहीचा नवा फोटो पाठवला. उत्तर 2 आणि 3. खाली लिहिलं होतं, "मॅडम, आधीचं पण बरोबरच होतं ना?" मी लिहिलं, "हो. तुझं बरोबर होतं. प्रश्नच चुकीचा पोचला होता, आणि तो माझ्यामुळे."

तुमच्यापैकी कुणी क्लासचा, कॉलेजचा किंवा गावातल्या कार्यशाळेचा व्हिडिओ कुणाला पाठवणार असाल, तर फाइल किती एमबीची झाली हे बघायच्या आधी ती लहान पडद्यावर लावा आणि सगळ्यात बारीक अक्षर वाचून बघा. वाचता आलं, तर पाठवा.

चला, भेटू पुढच्या भागात. नमस्कार!